व्हाइटबोर्डचा फोटो गेला: मीटिंगची कामं, नावं आणि तारखा परत कशा उभ्या करायच्या

शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या बहुतेक फौंड्र्यांमध्ये आठवड्याच्या मीटिंगचं इतिवृत्त म्हणजे बोर्डाचा एक फोटो. मीटिंग संपली की कुणीतरी मोबाईल काढतो, फोटो ग्रुपवर टाकतो आणि बोर्ड पुसला जातो. तो फोटो नाहीसा झाला की कामं कुणाकडं होती आणि कधीपर्यंत होती, हे फक्त माणसांच्या डोक्यात उरतं, आणि प्रत्येकाच्या डोक्यात थोडं वेगळं.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे. मीटिंग शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५ ची, विषय पंप केसिंगच्या कास्टिंगमधलं ब्लोहोल रिजेक्शन. हजर सात जण. फोटो नाही हे बुधवारी, १२ तारखेला लक्षात आलं. उदाहरण काल्पनिक आहे. नावांच्या जागी हुद्दे ठेवले आहेत; तुमच्या कागदावर मात्र माणसाचं नावच हवं.

पहिल्या तासात काय करू नये

दोन गोष्टी टाळा. पहिली, "शनिवारचा बोर्ड कुणाला आठवतोय का?" असा मेसेज ग्रुपवर टाकू नका. पहिला जो उत्तर देईल त्याची यादी बाकीचे वाचतात आणि त्यांना तेच आठवायला लागतं. त्याने एक काम विसरलं असेल तर ते काम सगळ्यांच्याच डोक्यातून जातं, आणि त्याने तारीख चुकवली असेल तर चुकीच्या तारखेला पाच जणांचे अंगठे मिळतात. नंतर ती मतं वेगळी काढता येत नाहीत.

दुसरी, बोर्डाला स्पिरिट किंवा क्लीनर लावू देऊ नका. सफाईवाल्या मावशींना तेवढं सांगून ठेवा. कारण पुढं येईल.

शोध: दोन लोक, अर्धा तास

फोटो शोधण्यात पूर्ण दिवस घालवण्यात अर्थ नाही, कारण तेवढ्यात लोकांची आठवण आणखी पुसट होते. एकाने शोधावं, दुसऱ्याने त्याच वेळी खालचं आठवणीचं काम सुरू करावं. अर्ध्या तासात सापडला तर उत्तम.

ज्याने फोटो काढला त्याच्या फोनपासून सुरुवात करा. गूगल फोटोजमध्ये डिलीट केलेला फोटो बिनमध्ये जातो. बॅकअप झालेला असेल तर ६० दिवस राहतो, नसेल तर ३० दिवस. आयफोनमध्ये 'Recently Deleted' अल्बममध्ये ३० दिवस राहतो. चार दिवसांपूर्वीचा फोटो म्हणजे कुणी बिन रिकामी केली नसेल तर तो तिथंच असायला हवा.

तिथं नसेल तर व्हॉट्सअॅपची प्रत शोधा. अँड्रॉइडवर व्हॉट्सअॅप मिळालेल्या फोटोला तारखेवरून नाव देतं. फोनच्या फाइल्स अॅपमध्ये शोधाच्या चौकटीत हे टाका:

```
IMG-20251108-WA
```

त्या दिवशी व्हॉट्सअॅपवरून त्या फोनमध्ये उतरलेले फोटो समोर येतील. गॅलरीत दिसत नाही म्हणून फोटो नाही असं समजू नका. ग्रुपची मीडिया व्हिजिबिलिटी बंद असेल तर फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये जातो आणि गॅलरी तो दाखवत नाही. फोल्डर असे:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Images
  /Sent
  /Private
```

पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये `Sent` बघा, घेणाऱ्यांच्या फोनमध्ये मुख्य फोल्डर आणि `Private`. ग्रुपवर डिसअपिअरिंग मेसेज चालू असतील (२४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस) तर चॅटमधून फोटो जातो, पण ज्याच्या फोनमध्ये ऑटो डाउनलोड चालू होतं त्याच्याकडं प्रत राहिलेली असू शकते. म्हणून सातही फोन तपासा, त्यातही जुना फोन आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचं डाउनलोड फोल्डर आधी. व्ह्यू वन्सने पाठवलेला असेल तर मात्र घेणाऱ्यांकडं काही मिळणार नाही. मग फक्त काढणाऱ्याचा फोन.

एक गोष्ट लोक हमखास सोडून देतात. ज्याने फोटो कधी डाउनलोडच केला नाही, त्याच्या चॅटमध्ये धूसर छोटा फोटो आणि डाउनलोडचा बाण उरलेला असतो. दाबलं की येत नाही म्हणून तो पुढं जातो. त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. त्यात अक्षरं वाचता येत नाहीत, पण बोर्डावर किती रकाने होते, कुठं लाल शाई होती, कुठला भाग दाट भरलेला होता, हे कळतं. आमच्या उदाहरणात एवढंच मिळालं: तीन रकाने, मधल्या रकान्यात लाल गोल, उजवीकडं खाली काहीतरी खोडलेलं.

पुसलेल्या बोर्डावर काय उरतं

बोर्ड मार्करच्या शाईत रंगाबरोबर एक द्रव्य असतं, जे शाईला पृष्ठभागावर घट्ट बसू देत नाही. म्हणून ती कोरड्या डस्टरने निघते. पण बोर्ड जुना असेल, त्यावर बारीक चरे पडले असतील किंवा लिखाण काही तास तसंच राहिलं असेल, तर थोडा रंग चऱ्यांत अडकून राहतो. समोरून बघितलं तर पांढरं दिसतं. स्पिरिट तोच रंग विरघळवतं, म्हणून वर सांगितलं की थांबा.

खोलीतले दिवे बंद करा, पडदे ओढा. मोबाईलचा टॉर्च बोर्डाच्या एका कडेला, बोर्डाला जवळजवळ टेकवून, आडवा धरा. दुसऱ्या माणसाने बोर्डाच्या समोरून पण थोडं बाजूला उभं राहून फोटो काढायचे: टॉर्च डावीकडं धरून दोन, उजवीकडं धरून दोन, खालून वर धरून दोन. फ्लॅश बंद. मग फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून कॉन्ट्रास्ट वाढवा. मधल्या काळात बोर्डावर दुसरं काही लिहून पुसलं असेल तर दोन मीटिंगांचे ठसे एकात मिसळतात. तेव्हा फक्त जे धूसर फोटोतल्या जागेशी जुळतं तेच धरा.

पूर्ण वाक्य मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. मिळतो तो एखादा आकडा, बाण, अधोरेखा, गोल. उदाहरणात डावीकडच्या रकान्यात "४.२" आणि त्यापुढं बाण दिसला. हा आकडा पुढं बराच वाद घालणार आहे.

प्रत्येकाला वेगळं विचारायचं

आता मुख्य काम. सातही जणांना वेगवेगळं गाठा, समोर बसून किंवा फोनवर, प्रत्येकी दहा मिनिटं, शक्यतो त्याच दिवशी. रात्रपाळीचा माणूस असेल तर त्याची पाळी सुरू होतानाच गाठा. पाळी संपताना त्याच्या डोक्यात त्या रात्रीच्या हीट असतात.

समोर कोरा ए-फोर कागद आडवा ठेवा आणि त्यावर बोर्डाचा रिकामा चौकोन काढून द्या. विचारण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिला प्रश्न मोकळा:

"मामा, शनिवारच्या मीटिंगमधनं तुमच्याकडं काय काम आलं?"

तो बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. मध्ये तोडू नका, दुरुस्त करू नका. त्याचं संपलं की बोर्डाकडं वळा: हे काम बोर्डावर कुठं लिहिलं होतं, डावीकडं की उजवीकडं, कुठल्या रंगात, कुणाच्या अक्षरात? जागा आठवली की शेजारची ओळ बऱ्याचदा आपोआप आठवते. त्यानंतर तारीख: "कधीपर्यंत म्हणाले होते?" इथं तुम्ही तारीख सुचवायची नाही. "पंधरा तारीख ना?" असं विचारलं की उत्तर "हो" असंच येतं. शेवटी दोन प्रश्न: बोर्डावर काही खोडलं होतं का, आणि कशावर वाद झाला होता का? वाद झालेला मुद्दा लोकांना पक्का आठवतो, आणि खोडलेली ओळ विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

दुसऱ्यांची कामं विचारा, पण सगळ्यात शेवटी, आणि वेगळ्या रंगात लिहा. माणसाला स्वतःवर आलेलं काम जास्त नीट आठवतं. दुसऱ्यावर टाकलेलं काम तो मोठं करून सांगतो. परचेसवाले म्हणतील "क्वालिटीने सगळं बघायचं ठरलं", आणि क्वालिटीला फक्त एक रिपोर्ट द्यायचा असेल.

मीटिंगनंतर लोकांनी काय केलं

आठवणीपेक्षा भक्कम पुरावा म्हणजे मीटिंगनंतर झालेली हालचाल. शनिवार दुपारपासून बुधवारपर्यंतच्या या गोष्टी काढा: हजर असलेल्यांच्या वह्या, परचेसने पाठवलेल्या चौकशा आणि ऑर्डरी, पॅटर्न शॉपची जॉब वही, सँड लॅबचं रजिस्टर, पाळीचं रिजेक्शन रजिस्टर, गेटपास, ग्राहकाला गेलेले मेल, शनिवारी दुपारी एकमेकांना केलेले मेसेज. मीटिंग सुटल्यावर पहिल्या तासाभरात गेलेला मेसेज सगळ्यात मोलाचा, कारण तो बोर्ड डोळ्यांसमोर ताजा असताना लिहिलेला असतो. "साहेब त्या व्हेंटचं मी बघतो, कोअर शॉपला सांगून ठेवा" या एका ओळीत काम, माणूस आणि दुसऱ्या खात्याचा संबंध, तिन्ही मिळतात.

आता तो "४.२". क्वालिटी इंचार्ज म्हणाले हे रिजेक्शनचं प्रमाण, ४.२ टक्के. सँड लॅबवाले म्हणाले हे सँडमधलं मॉइश्चर. दोघंही ठाम. अशा वेळी कोण वरिष्ठ आहे हे बघायचं नाही, रजिस्टर बघायचं. ३ ते ८ नोव्हेंबरच्या आठवड्याचं रिजेक्शन रजिस्टरमध्ये ६.८ टक्के निघालं. सँड लॅबच्या रजिस्टरमध्ये ७ तारखेच्या दुसऱ्या पाळीची नोंद मॉइश्चर ४.२ टक्के अशी सापडली. धातू ओतल्यावर सँडमधल्या जादा पाण्याची वाफ होते, ती बाहेर पडायला वाट मिळाली नाही की कास्टिंगमध्ये पोकळी राहते; ब्लोहोलच्या मीटिंगमध्ये हा आकडा बोर्डावर येणं साहजिकच होतं. बाणापुढचा आकडा मात्र ठशात दिसला नाही. सँड लॅबवाल्यांनी "३.५ च्या आत" सांगितलं, मोल्डिंग सुपरवायझरनेही वेगळं विचारल्यावर तेच सांगितलं. म्हणून तो धरला, पण आठवणीवरचा म्हणून, रजिस्टरमधला म्हणून नव्हे.

एकक नसलेला आकडा कधीच अंदाजाने पूर्ण करू नका. टक्के, नग, किलो की तास हे कळत नसेल तर आकडा तसाच ठेवून पुढं प्रश्नचिन्ह टाका. चुकीचं एकक चिकटलेला आकडा कुणाला खटकत नाही आणि थेट कामात उतरतो.

आराखडा मांडणं

मिळालेली प्रत्येक गोष्ट एका चिठ्ठीवर एक अशी लिहा आणि टेबलावर पसरा. एकाच कामाच्या चिठ्ठ्या एकत्र करा. बोर्डावरचे रकाने कळले असतील तर तीच मुख्य शीर्षकं ठेवा. स्वतःची नवी वर्गवारी लावली की लोकांना आपली ओळख पटत नाही. शीर्षकाखाली काम, कामाखाली जबाबदारी, मुदत आणि एक खूण. खुणा तीनच: क म्हणजे लेखी पुरावा किंवा ठसा आहे, ख म्हणजे दोघांनी वेगवेगळं विचारल्यावर सारखंच सांगितलं, ग म्हणजे एकट्याची आठवण.

या खुणा काढून टाकायचा मोह होतो, कारण कागद स्वच्छ दिसतो. काढू नका. टाइप केलेला नीट कागद बोर्डापेक्षा जास्त खरा वाटतो, आणि एकट्याच्या आठवणीतली ओळ दोन आठवड्यांनी "मीटिंगमध्ये ठरलं होतं" म्हणून कुणाच्या तरी अंगावर येते.

काम लिहिताना क्रियापद आणि संपल्याची खूण दोन्ही हवीत. "व्हेंट" हे काम नाही. "कोअरमधली व्हेंटची भोकं प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला तपासून वहीत सही करणं" हे काम आहे. बोर्डावर फक्त "व्हेंट" असेल तर तेवढंच मूळ म्हणून लिहा आणि बाकीचं कंसात "खुलासा" म्हणून, म्हणजे काय होतं आणि आपण काय घातलं हे वेगळं राहतं.

जबाबदारीत एकच माणूस. "क्वालिटी आणि प्रॉडक्शन" असं लिहिलेलं काम दोघांच्या मधल्या जागेत पडून राहतं. बोर्डावर खरंच दोन नावं असतील तर ज्याच्या सहीने काम पुढं सरकतं तो जबाबदार, दुसऱ्याला "मदत" म्हणून खाली लिहा. आपल्याकडची खास अडचण म्हणजे आडनाव. बोर्डावर नुसतं "पाटील" असायचं आणि मीटिंगमध्ये एक पाटील मशीन शॉपचे, दुसरे डिस्पॅचचे. दोघांना वेगवेगळं विचारलं तर कधी दोघंही "ते त्यांच्याकडं" म्हणतात. मग कामावरूनच ठरवायचं: ट्रान्सपोर्ट बोलावण्याचा अधिकार ज्याच्याकडं आहे त्या पाटलांचं ते काम, आणि खूण ग, त्यांनी स्वतः मान्य करेपर्यंत.

मुदती

मीटिंगमध्ये तारखा बोलीत ठरतात आणि बोर्डावरही तशाच लिहिल्या जातात. शनिवारी ८ तारखेला "आठ दिवसांत" म्हटलं तर बोलणाऱ्याच्या मनात पुढचा शनिवार, म्हणजे १५ तारीख असते. बोटं मोजणारा १६ धरतो. "पुढच्या सोमवारी" यात १० की १७ हा घोळ. आपल्या उदाहरणातल्या कारखान्याला सोमवारची सुट्टी आहे, त्यामुळे मूळ शब्द "सोमवार"च होता का, हेच परत विचारायला हवं. "महिनाअखेर" म्हणजे ३० नोव्हेंबर, आणि तो रविवार. ग्राहकाचं गेट रविवारी बंद असेल तर खरी मुदत २९ तारखेची, तीही माल पोचण्याची. गाडी भरण्याची त्याआधीची.

म्हणून मुदतीत तीन गोष्टी लिहा: बोललेले शब्द जसेच्या तसे, त्यावरून धरलेली तारीख, आणि वार. वार लिहिला की चूक लगेच दिसते. मध्ये गेलेल्या चार दिवसांची भरपाई मूळ मुदतीत करू नका. मूळ मुदत तशीच ठेवा आणि वाढवायची असेल तर शेजारी "सुधारित मुदत" लिहा. दोन्ही एकत्र केल्या तर उशीर नक्की कुठं झाला ते कधीच कळत नाही.

उदाहरणातला आराखडा असा उभा राहिला:

१. सँड (डावा रकाना)
१.१ मॉइश्चर ४.२ वरून ३.५ च्या आत आणणं. संपल्याची खूण: सलग सहा पाळ्यांच्या नोंदी (खुलासा).
जबाबदारी: सँड लॅब इंचार्ज. मुदत: "आठ दिवसांत", शनि. १५ नोव्हें. खूण: ४.२ ला क, ३.५ ला ख, मुदतीला ख.

२. कोअर आणि पॅटर्न (मधला रकाना, लाल गोल)
२.१ कोअरची व्हेंट भोकं पाळीच्या सुरुवातीला तपासणं (खुलासा).
जबाबदारी: कोअर शॉप सुपरवायझर. मुदत: "लगेच", मंगळ. ११ नोव्हें. पासून. खूण: क (शनिवारचा मेसेज), तारखेला ग.
२.२ पॅटर्नला जादा व्हेंट देणं. हाच लाल गोल.
जबाबदारी: पॅटर्न शॉप इंचार्ज. मुदत: ?. खूण: ख, मुदत कुणालाच आठवत नाही.

३. डिस्पॅच (उजवा रकाना)
३.१ अडकलेले १२० नग तपासून पाठवणं.
जबाबदारी: पाटील (डिस्पॅच)?. मुदत: "महिनाअखेर", शनि. २९ नोव्हें. पोच. खूण: नगांना क (गेटपास वही), नावाला ग.
३.२ खोडलेली ओळ. दोघांना "बाहेरून मशिनिंग" आठवतं. खोडलेली म्हणून काम धरलेलं नाही. खूण: ख.

खूण पूर्ण ओळीला एक न देता काम, नाव आणि तारीख यांना वेगवेगळी दिली आहे हे बघा. काम पक्कं आणि नाव कच्चं असं नेहमीच होतं.

मान्यता घेणं

हा कागद आधी ग्रुपवर नाही. प्रत्येकाला फक्त त्याच्या ओळी वेगळ्या पाठवा आणि लिहा: "हे तुमच्याकडचं काम, ही तारीख. बरोबर, चूक की अर्धवट, संध्याकाळी पाचपर्यंत कळवा." उत्तर आलं नाही म्हणजे मान्य असं धरायचं नाही; फोन करायचा. जो "मला असं कुणी सांगितलंच नाही" म्हणेल त्याच्याशी बोर्डावरून भांडू नका. बोर्ड आता नाही. काम गरजेचं असेल तर ते आज नव्याने द्या, आजच्या तारखेने, आणि कागदावर "१२ नोव्हें.ला नव्याने दिलं" असं लिहा.

मग दुसऱ्या दिवशी सगळे पंधरा मिनिटं उभ्या उभ्या जमा. पूर्ण कागद वाचायचा नाही. फक्त ग आणि प्रश्नचिन्हं. उदाहरणात तीनच निघाली. कोअर तपासणीची ११ तारीख सुपरवायझरने स्वतःच कबूल केली. डिस्पॅचच्या पाटलांनी काम आपलं म्हणून मान्य केलं, पण १२० नगांपैकी मशीन शॉपमध्ये अडकलेले नग आधी मोकळे व्हायला हवेत, असं सांगितलं, म्हणून ३.१ खाली मदतीत दुसऱ्या पाटलांचं नाव गेलं. पॅटर्नच्या व्हेंटला तारीखच नव्हती. बोर्डावर होती की नव्हती हा शोध तिथंच थांबवला आणि गुरुवारी २० नोव्हेंबर ही तारीख नव्याने लावली. कारण सरळ होतं: मॉइश्चर १५ तारखेपर्यंत खाली आल्यावर रिजेक्शन कितपत घटतं हे चार-पाच दिवस बघितल्याशिवाय पॅटर्नला हात लावणं पॅटर्न शॉपला मान्य नव्हतं.

हा शेवटचा कागद ग्रुपवर टाका, वर लिहा "८ नोव्हेंबरच्या मीटिंगचा पुनर्रचित आराखडा, मान्य १३ नोव्हेंबर". कच्च्या चिठ्ठ्या, सातजणांचे चौकोन आणि बोर्डाच्या ठशांचे फोटो शेवटची मुदत उलटेपर्यंत, म्हणजे इथं २९ तारखेपर्यंत, एका पाकिटात ठेवा. मूळ फोटो मध्येच कुणाच्या जुन्या फोनमधून निघाला तर आराखडा फेकू नका. फोटोशी ओळ-ओळ ताडून बघा आणि फरक असेल तिथं खूण क करून दुरुस्ती करा. मात्र १३ तारखेला सगळ्यांनी मान्य केलेल्या नव्या तारखा फोटो सापडला म्हणून मागं जात नाहीत.